सानू, ‘दीर्घ श्वास घ्या’ हे वाक्य काढून टाक

धरमपेठ, नागपूर
२८ डिसेंबर

प्रिय सानू,

परीक्षेच्या भीतीवरच्या व्हिडिओची तुझी स्क्रिप्ट काल रात्री ओट्यापाशी उभी राहूनच वाचली, आणि जेवताना बाबांना वाचून दाखवली. जुन्या कॉलेजातल्या बारावीच्या पोरांसाठी तू पुण्यात बसून, स्वतःचं सबमिशन सांभाळून हे करतेयस, याचं आम्हा दोघांना खूप बरं वाटलं. भाषा छान आहे. आपले पोट्टे जसे बोलतात तशीच आहे. पण इतकी वर्षं समुपदेशकाच्या खोलीत बसून जे पाहिलं, त्यावरून काही गोष्टी बदलायला सांगणार आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो आई, हो आई’ करून विसरली असतीस, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी तुझं दुसऱ्या पानावरचं वाक्य. ‘घाबरलात तर थांबा आणि दीर्घ श्वास घ्या.’ सगळेच असं सांगतात. पण जो पोरगा खरोखर घाबरलेला आहे, त्याला या वाक्याने पुष्कळदा जास्त त्रास होतो. तो कसा, हे एका मुलाच्या गोष्टीवरून सांगते. त्याची ओळख पटेल असं सगळं बदललंय, पण जे घडलं ते असंच घडलं.

काही वर्षांपूर्वीची पूर्वपरीक्षा, जानेवारी महिना, फिजिक्सचा पेपर. एक शिपाईकाका धावत मला बोलवायला आले. मुलगा वर्गाबाहेर पायरीवर बसलेला, चेहरा पांढरा, छाती भात्यासारखी वरखाली. भोवती पाच-सहा जण. एक सर मोठ्याने सांगत होते, ‘दीर्घ श्वास घे बेटा, अजून मोठा, अजून मोठा.’ आणि तो बिचारा अगदी सांगितल्याप्रमाणे करत होता. त्याच्या ओठांभोवती मुंग्या येत होत्या, हाताची बोटं आत वळून ताठ झाली होती. ते पाहून त्याला वाटलं आपल्याला झटका येतोय, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेऊ लागला. कुणीतरी नाकातोंडावर धरायला कागदी पिशवी आणली होती, ती मी आधी बाजूला ठेवायला लावली. दमा असेल किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर तो प्रकार धोक्याचा ठरतो, आणि पायरीवर बसून कुणाला काय आजार आहे ते आपल्याला कळत नसतं.

आत काय चाललं होतं ते बघ. घाबरला की माणूस भरभर आणि मोठे श्वास घेतो. त्याला वाटतं हवा कमी पडतेय. खरं तर ऑक्सिजन पुरेसा असतो. उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्तातल्या कॅल्शियमचं गणित तात्पुरतं बिघडतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं वळतात. आणि हे सगळं होत असताना ‘हवा पुरत नाही’ ही भावना वाढतच जाते. म्हणजे ज्याला आधीच जास्त हवा झालीय, त्याला आपण आणखी हवा घे म्हणून सांगतो.

त्यामुळे तुझ्या व्हिडिओत ‘दीर्घ’ हा शब्द नको, ‘हळू’ हा शब्द हवा. आणि भर श्वास घेण्यावर नको, सोडण्यावर हवा. मी त्या मुलाच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, ‘गरम चहा बशीत ओतलाय असं समज. फुंकायचाय, पण बशीतून बाहेर सांडला नाही पाहिजे.’ बस, एवढंच. नाकाने साधा श्वास आत, छाती फुगवायची नाही, आणि ओठांचा चंबू करून लांब, बारीक फुंकर. पहिल्या चार-पाच वेळा त्याला जमलंच नाही, मध्येच धाप लागायची. मी नुसती सोबत फुंकत राहिले. सुमारे आठ मिनिटं लागली. बोटं आपोआप सरळ झाली, आणि तो म्हणाला, ‘मॅडम, मी आता जाऊ का आत?’

स्क्रिप्टमध्ये याचं माप असं दे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. एरवी शांत बसलेल्या मुलाचे साधारण १२ ते २० होतात. मध्ये रोखून धरायला सांगू नकोस. इंटरनेटवर सात मोजेपर्यंत श्वास रोखायचे प्रकार फिरतात, पण घाबरलेल्या पोराला रोखलं की गुदमरल्यासारखं होतं. सहा जमत नसतील तर तीन आत, चार बाहेर चालेल. बाहेरचा आतल्यापेक्षा लांब हवा, एवढं पाळलं की झालं. आणि पडद्यावर आकडे पळवत बसू नकोस. तुझा आवाज मोजू दे, आणि तू खरोखर करून दाखव, पूर्ण एक मिनिट. त्या एका मिनिटात व्हिडिओ कापायचा मोह होईल, कापू नकोस. बघणाऱ्याने तुझ्यासोबत सहा श्वास घेतले, तरच त्याला काही मिळालं.

हे पोरांना पटतं कशाने माहीत आहे का? नाडीने. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं हलकेच ठेव आणि चार-सहाचा श्वास सुरू कर. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ पडतात, बाहेर सोडताना लांब लांब पडतात. तरुण, निरोगी हृदयात हा फरक बोटाला चांगला लागतो, तो काही दोष नाही. सोडलेला श्वास हृदयाचा वेग खाली आणतो, हे पोराला स्वतःच्या बोटाखाली कळतं. मग मी सांगितलेल्या दहा वाक्यांची गरज उरत नाही. हा शॉट जवळून घे, फक्त मनगट आणि दोन बोटं.

मात्र हे पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही, हे ठासून सांग. भेदरलेल्या क्षणी नवीन काहीच सुचत नाही, हाताला सवय असलेलंच तेवढं होतं. आजपासून रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. सकाळी अभ्यासाला बसायच्या आधी आणि रात्री दिवा मालवल्यावर. बोर्डाच्या पेपरला मुलं साडेदहाला वर्गात जाऊन बसतात. पूर्वी अकराला दहा मिनिटं असताना प्रश्नपत्रिका हातात पडायची आणि वाचून होईपर्यंत जरा दम मिळायचा. २०२३ पासून ती अकरालाच मिळते आणि वाढीव दहा मिनिटं शेवटी देतात. म्हणजे साडेदहा ते अकरा हा सगळा वेळ नुसती वाट पाहण्यात जातो, आणि भीती याच वेळात चढते. त्या अर्ध्या तासात शेजारच्याला ‘तुझं चौथं चॅप्टर झालं का’ विचारण्याऐवजी पाच मिनिटं हे करता येतं, बाकावर बसून, कुणाला न कळता.

‘डोकं ब्लँक झालं तर’ हा तुझा भाग मला आवडला. त्यात एक हिशोब घाल. फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा. म्हणजे एका गुणाला साधारण अडीच मिनिटं. पेन खाली ठेवून तीन श्वास घेतले तर अर्धं मिनिट जातं, म्हणजे एका गुणाचा पाचवा हिस्सा. पोरं ब्लँक झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत दहा-दहा मिनिटं घालवतात आणि थांबायला मात्र घाबरतात, वेळ जाईल म्हणून. त्यांना सांग, आठवण पुसली गेलेली नसते, ताणामुळे ती त्या घटकेला हाती लागत नाही. तीन श्वास, मग जो प्रश्न येतो त्याचा क्रमांक टाकून तो आधी लिहायचा. सोडलेलं उत्तर बऱ्याचदा मध्येच आठवतं.

श्वासाची मर्यादाही एका वाक्यात सांग. दमा असलेल्या मुलाला घरघर होत असेल तर त्याने आपला पंप घ्यायचा, व्हिडिओ बघत बसायचं नाही. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा पंधरा-वीस मिनिटांत कमी न होणारी धाप असेल तर डॉक्टरकडे जायचं, ‘टेन्शन आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. त्यांनी दोन्ही तळपाय फरशीवर घट्ट दाबावेत आणि समोरच्या एका वस्तूकडे, पेनाकडे म्हण, नीट बघून तिचं मनात वर्णन करावं. तेवढंही पुरतं.

आता त्या मुलाकडे परत येते, कारण खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

पेपर संपल्यावर मी त्याला खोलीत बोलावलं. बाकी सगळ्यांच्या लेखी विषय संपला होता, पोरगा शांत झाला, पेपर दिला, छान. मी फक्त विचारलं, झोप कशी आहे? तो म्हणाला, तीन आठवडे झाले, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. जेवण? मेसमध्ये जाणं सोडलंय, कुणी काही विचारेल म्हणून. क्रिकेट खेळायचा ना तू? नाही, आता कंटाळा येतो. मग बराच वेळ गप्प बसून खाली बघत म्हणाला, ‘कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये.’

सानू, अशा वेळी मोठी माणसं पटकन म्हणतात, ‘असं बोलू नये रे.’ आणि दार बंद होतं. मी सरळ विचारलं, ‘जीव द्यावा असे विचार येतात का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने पोराला हलकं वाटतं, कारण ते एकट्याने वाहत असतं. तो ‘हो’ म्हणाला आणि रडला. त्या दिवशी मी त्याला एकटं सोडलं नाही. त्याला आधी सांगितलं की हे मी तुझ्या आईबाबांपासून लपवू शकत नाही, पण त्यांच्याशी काय आणि कसं बोलायचं ते आपण दोघं ठरवू. संध्याकाळपर्यंत ते गावाहून आले, रात्री त्याच्यासोबत थांबले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत गेलो. फेब्रुवारीत त्याने बोर्डाचे पेपर दिले. पुढचं त्याचं त्याच्यापाशी.

म्हणून मला तुझ्या स्क्रिप्टची सर्वात मोठी अडचण वाटते ती रचनेची. मदतीची सूचना तू शेवटच्या सहा सेकंदांत, संगीतावर, बारीक अक्षरात टाकली आहेस. तोपर्यंत पोरं पुढच्या व्हिडिओवर गेलेली असतात. आणि ‘खूप ताण असेल तर तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ या वाक्यातून पोराला काहीच कळत नाही. खूप म्हणजे किती? तज्ज्ञ म्हणजे कोण? कुठे बसतात? ती सूचना व्हिडिओच्या मध्यावर आण, श्वासाच्या मिनिटानंतर लगेच, जेव्हा बघणारा जरा शांत झालेला असतो. संगीत बंद कर आणि कॅमेऱ्याकडे बघून बोल. मी मसुदा लिहून देते, तू तुझ्या तोंडाला बसवून घे:

“पेपरच्या आधी पोटात गोळा येणं, हात गार पडणं, हे बहुतेक सगळ्यांनाच होतं. पेपर सुरू झाला किंवा संपला की ते उतरतं. त्याला आत्ता केलेला श्वास पुरतो. पण दोन आठवडे होत आले आणि बहुतेक दिवस झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडीचं काही नकोसं वाटतं, पुस्तक उघडून तासभर बसलं तरी एक ओळ डोक्यात शिरत नाही, किंवा पुन्हा पुन्हा असा घाबरण्याचा झटका येतो आणि त्या भीतीने तू क्लासला जाणं टाळतोयस, तर हा फक्त परीक्षेचा ताण राहिलेला नाही. या आठवड्यात एका मोठ्या माणसाला सांग. शब्द सुचत नसतील तर हेच वाक्य वापर: मला दोन आठवड्यांपासून झोप येत नाहीये आणि मला कुणाशी तरी बोलायचंय.”

मग एक क्षण थांब, आणि:

“आणि मरून जावं असं वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा केली असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही. आजच, आत्ता. जवळ जो मोठा माणूस आहे त्याला सांग आणि एकटा राहू नकोस. टेलि-मानस, १४४१६. एक चार चार एक सहा. फोन फुकट आहे, रात्री तीन वाजताही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका आत्ताच असेल तर ११२, किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्याची कॅज्युअल्टी. मित्राने हे तुला सांगितलं असेल आणि ‘कुणाला सांगू नको’ म्हणाला असेल, तरी सांग. हे गुपित ठेवायचं नसतं.”

नंबर पडद्यावर निदान दहा सेकंद राहू दे, मोठ्या आकड्यांत, आणि तोंडाने दोनदा म्हण. शूट करायच्या आधी स्वतः एकदा त्या नंबरवर फोन लावून बघ, भाषा कशी निवडायची ते विचारून घे, म्हणजे तुझ्या सांगण्यात खात्री येईल. तू आणखी दोन हेल्पलाइन लिहिल्या आहेस, त्या मी लावून पाहिल्या. एक बंद आहे, दुसरीवर कुणी उचललं नाही. त्या काढ. अडचणीत असलेल्या पोराने धीर करून फोन लावावा आणि तो वाजतच राहावा, याइतकं वाईट काही नाही.

नागपूरच्या मुलांसाठी जागांची नावंही घे. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, सकाळच्या ओपीडीला साधा केसपेपर काढून जाता येतं. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, पण त्याच्यापाशी पोरं आणि त्यांचे आईबाप अडतात, हे मी रोज बघते. आपल्या शहरात त्या चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात. कुणी ओळखीच्याने तिथे पाहिलं तर, ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. सांग की सुरुवात कॉलेजच्या समुपदेशकापासून किंवा घरच्या डॉक्टरपासून केली तरी चालते, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं म्हणजे लगेच गोळ्याच सुरू होतात असंही नाही, कित्येकांना बोलण्याच्या उपचारानेच बरं वाटतं. आणि गोळ्या दिल्याच, तर त्या स्वतःच्या मनाने मध्येच बंद करायच्या नाहीत.

आता तुझा पहिला प्रसंग. अंधारी खोली, बंद दार, टेबलावर चिठ्ठी. तुला वाटलं यामुळे विषयाचं गांभीर्य कळेल. पण जो मुलगा आधीच त्या विचारात आहे, त्याला आपण तेच चित्र दाखवून देतो. तो प्रसंग पूर्ण काढ. किती मुलांनी काय केलं याचा आकडाही नको, कुणी कसं केलं ते तर मुळीच नको. ‘नापास झाला म्हणून’ असं एक कारण जोडणंही टाळ, एकाच कारणाने असं होत नसतं. त्याऐवजी पहिल्या शॉटमध्ये पायरीवर बसलेला मुलगा घे, ज्याची बोटं वळलीत, आणि त्याच्या शेजारी कुणीतरी येऊन बसतं.

संक्रांतीला येशील तेव्हा शूट करू. आपल्या जिन्याची खालची पायरी चालेल, सकाळी नऊपर्यंत तिथे चांगला उजेड असतो. शेजारचा अथर्व बसायला तयार आहे, मी त्याच्या आईला विचारून ठेवलंय. सेकंदकाटा असलेलं बाबांचं जुनं घड्याळ काढून ठेवते, मोजायला लागेल. येण्याआधी पंधरा दिवस तू स्वतः रोज दोनदा श्वास करून बघ, आणि तुझा सोडताना कुठे अडतो ते मला कळव. तिथेच पोरांचाही अडेल, आणि ते आपण व्हिडिओत घेऊ.

तुझीही झोप मला विचारायची आहे. परवा फोनवर आवाज थकलेला वाटला. कशी आहे, खरंखरं लिही.

तुझी,
आई